सगीराची तारीफ

आवडाबाई सोनवणेंनी ठरवलं होतं, की निरोपाच्या भाषणात रडायचं नाही, कुणाला रडवायचं नाही, आणि भाषण संपवून खाली बसेपर्यंत सगीराला चार्ज मिळवून द्यायचा. पहिल्या दोन गोष्टी देवाच्या हातात होत्या. तिसरी मात्र आपल्या हातात आहे, असं त्यांना वाटत होतं. आपलं सगळ्यांचं असंच असतं! जी गोष्ट आपल्या हातात आहे असं वाटतं, तिलाच देव आधी हात घालतो.

आवडाबाई जालना रोडवरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याला जोडलेल्या नर्सिंग स्कूलच्या प्रिन्सिपल. देवगाव रंगारीची पोरगी, एसटीनं शहरात आली, इथंच शिकली, इथंच शिकवायला लागली आणि इथंच केस पांढरे केले. रोज पहाटे खडकेश्वराच्या पिंडीवर पाणी घातल्याशिवाय स्वतःच्या तोंडात पाणी घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आज बजाजनगरपासून दुबईपर्यंत कुठं कुठं सलाईन लावत होत्या.

आता त्या निवृत्त होत होत्या, आणि नवा प्रिन्सिपल नेमायला ट्रस्टला कधी सवड होईल, हे सांगता येत नव्हतं. तोवर शाळेचा चार्ज कुणाकडं द्यायचा, हे अधीक्षक डॉक्टर काकासाहेब औताडे ठरवणार होते. नावं दोन होती. एक सगीरा शेख, करमाडची, आवडाबाईंचीच विद्यार्थिनी. आधी ऑपरेशन थिएटरमध्ये स्टाफ नर्स होती, मग पुढचं शिकून ट्यूटर झालेली. दुसरे पुंजाराम आहेर. तेही ट्यूटरच. माणूस वाईट नव्हता. फक्त कुणी काही मागितलं की त्यांच्या तोंडून 'हो सर' आपोआप बाहेर पडायचं, दाबलेल्या ट्यूबमधून मलम बाहेर यावं तसं.

आणि दवाखाना शाळेकडं सारखं एकच मागत असे: मुली. वॉर्डात दोन सिस्टर रजेवर गेल्या की फोन यायचा, चार मुली पाठवा. वर्ग चालू असला तरी. मुली म्हणजे शिकणारी माणसं नाहीत, फुकटचे हात आहेत, असा तो हिशेब. आवडाबाई दर वेळी फोनवर शांतपणे सांगायच्या, की मुलींची पोस्टिंग ठरल्याप्रमाणेच होईल, आणि त्यांच्यासोबत शिकवणारं माणूस असेल तरच होईल. त्यांच्यामागं हे सांगायची छाती फक्त सगीरात होती. पुंजारामांच्या हाती चार्ज गेला, की मुली उद्यापासून वॉर्डात आणि पुस्तकं कपाटात. एवढाच प्रश्न होता, पण आवडाबाईंच्या दृष्टीनं सगळी उमर त्याच्यातच होती.

त्यांनी औताडेंना जाऊन विचारलं होतं. औताडे गोड बोलले. म्हणाले, मॅडम, निरोपसमारंभातच जाहीर करतो, तुमच्या मनाला बरं वाटेल. तुम्ही भाषणात दोघांबद्दल दोन शब्द बोला, तेवढीच मला मदत.

आता दोन शब्द बोलणं ही आवडाबाईंना न जमणारी गोष्ट होती. म्हणजे बोलता यायचं, पण विशेषणं बोलता यायची नाहीत. सगळी हयात त्यांनी मुलींना ड्यूटी बदलताना रिपोर्ट कसा द्यायचा, हे शिकवलं होतं. एखादी नवी पोरगी बेडपाशी उभी राहून म्हणायची, "पेशंट बरा आहे." आवडाबाई तिथल्या तिथं अडवायच्या.

"बरा म्हणजे काय? नाडी किती, ताप किती, लघवी किती झाली, जखमेची पट्टी कोरडी का ओली? बरा हे निरीक्षण नाही बाई. बरा हे तुझं मत आहे. तुझं मत तुझ्या आईला सांग."

असं रोज, वर्षानुवर्षं. तर अशी बाई माईकसमोर उभी राहून 'सगीरा अत्यंत कर्तव्यदक्ष आहेत' म्हणणार कशी? तिची जीभच उचलली नसती. त्यांनी ठरवलं, रिपोर्ट द्यायचा. काय झालं, कधी झालं, सगीरानं काय केलं, पुढं काय झालं. ऐकणाऱ्यानं आपलं मत आपण बनवावं.

इथंच सगळी चूक झाली, आणि ही चूक नर्सबाईच करू जाणे. डॉक्टरचं चांगलं काम डोळ्यांना दिसतं. पेशंट उठून चालायला लागतो, पेढे आणतो. नर्सचं चांगलं काम म्हणजे जे घडलं नाही ते. पडला नाही, चिघळलं नाही, चुकीचं रक्त चढलं नाही. आणि जे घडलं नाही त्याची तारीफ करायची, तर काय घडणार होतं ते सांगावं लागतं. आणि ते सांगायचं, तर कुणाच्या हातून घडणार होतं तेही सांगावंच लागतं!

समारंभ ओपीडीला लागून असलेल्या हॉलमध्ये होता. समईऐवजी नर्सिंगच्या रिवाजाप्रमाणे हातातला पितळी दिवा लावला गेला. जुन्या विद्यार्थिनी लांबलांबून आल्या होत्या, काही जणी नवऱ्याला पोरं सोपवून, काही जणी पोरांसकट. स्टेजवर मधोमध औताडे, त्यांच्या उजव्या हाताला फिजिशियन डॉक्टर बद्रीनाथ ठोंबरे, डाव्या हाताला आवडाबाई. मेट्रन जाहेदा सिस्टरनी त्यांच्या खांद्यावर हिमरू शाल घातली. समोर दुसऱ्या रांगेत सगीरा बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर, जणू परीक्षेला बसली होती.

आधी पुंजाराम बोलले. त्यांनी औताडेंना हिमालय म्हटलं, ठोंबरेंना सागर म्हटलं, आवडाबाईंना वटवृक्ष म्हटलं, आणि त्या वटवृक्षाच्या सावलीत आपण रोपटं म्हणून वाढलो, हेही सांगून टाकलं. सावलीत रोप वाढत नाही, हे देवगावच्या कुठल्याही शेतकऱ्यानं सांगितलं असतं. पण औताडे मान डोलवत होते. टाळ्या चांगल्या पडल्या.

मग आवडाबाई उठल्या. सुरुवात चांगली झाली. त्यांनी देवाचं नाव घेतलं. जाहेदा सिस्टरचे आभार मानले, कारण रमजानच्या महिन्यात स्वतःचा रोजा असताना त्या आवडाबाईंना चतुर्थीच्या दिवशी साबुदाणा खाऊ घालून मगच राउंडला सोडायच्या. हॉलभर हसू पसरलं. जुन्या मुलींचे आभार मानले. म्हणाल्या, मी तुम्हाला लई रागावले, पण तुमच्या हातून कुणाला बेडसोर झाला असं कधी ऐकलं नाही, तो माझा पगार. मागच्या रांगेत एकीनं डोळ्याला पदर लावला.

आणि मग त्या सगीराकडं वळल्या.

त्यांनी सांगितलं, की पोटाचं मोठं ऑपरेशन असलं की रक्त टिपायला आत वापरलेले कापडी मॉप दोन नर्सेस मोठ्यानं मोजतात. चिरा घेण्याआधी, पोट बंद करण्याआधी, आणि वरची कातडी शिवताना. दोघींचा आकडा जुळला, तरच 'काउंट पूर्ण' म्हणायचं. सगीरा तेव्हा थिएटरला होती. एका ऑपरेशनच्या शेवटी मॉप एक कमी भरला. सर्जन म्हणाले, आत काही नाही, मी बघितलंय, मी बंद करतो.

"सर्जनचं नाव मी घेत नाही," आवडाबाई म्हणाल्या. "नावाशी आपल्याला काम नाही. ते पोट शिवायला घेतलं की बारीक आवाजात भजन म्हणतात. त्या दिवशी भजन सुरू झालं होतं, आणि सगीरा म्हणाली, सर, काउंट पूर्ण नाही, मी पूर्ण म्हणणार नाही."

सगळ्या हॉलनं एकदम औताडेंकडं पाहिलं. कारण पोट शिवताना भजन म्हणणारा सर्जन त्या दवाखान्यात एकच होता, आणि त्याचं भजन थिएटरमध्ये राबलेल्या प्रत्येक मुलीला पाठ होतं.

आवडाबाईंना वाटलं, काय शांतता आहे! ऐकतायत सगळे. त्या पुढं सांगत राहिल्या. बादल्या उलट्या केल्या, टेबलाखाली पाहिलं, प्रत्येकाच्या चपलेचा तळ पाहिला. सर्जन चिडले. शेवटी त्यांनी परत आत हात घातला, आणि मॉप निघाला. आतड्यामागं, रक्तानं भिजून आतड्यासारखाच दिसत होता.

"तो पेशंट आज जिवंत आहे. ही सगीरा शेख," आवडाबाई म्हणाल्या.

टाळ्या पडल्या, पण फक्त मागून. पुढच्या दोन रांगांतले डॉक्टर आपापल्या मोबाईलमध्ये काहीतरी शोधायला लागले. आवडाबाईंनी बाजूला नजर टाकली. चेहरा वाचणं हे त्यांचं शिक्षणच होतं. औताडेंचं हसू जागेवर होतं, पण आता त्याला कुणीतरी टाके घातल्यासारखं दिसत होतं. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं, की नाव न घेताही आपण नाव घेतलंय.

शहाण्या बाईनं इथं आभार मानून खाली बसायचं असतं. पण नर्सला रक्त वाहताना दिसलं, की हात दिल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी मनात हिशेब केला: एकाच डॉक्टरचं उदाहरण दिल्यामुळं वाईट दिसतंय. दुसऱ्याचंही द्यावं, म्हणजे त्यांना एकटं वाटणार नाही.

मग त्यांनी फोनवरच्या ऑर्डरची गोष्ट काढली. जुलाबाच्या एका पेशंटचं पोटॅशियम फार खाली गेलं होतं. डॉक्टर एका लग्नात होते, मागं बँड वाजत होता. त्यांनी फोनवर सांगितलं, पोटॅशियमची एक अँप्युल शिरेतून देऊन टाका. आता पोटॅशियम तसंच शिरेत ढकललं, तर काळीज जागच्या जागी थांबतं. ते सलाईनमध्ये मिसळून सावकाश थेंबाथेंबानं द्यायचं असतं. डॉक्टरांनाही ते माहीत असतं, पण बँडमध्ये माणूस अर्धंच बोलतो. सगीरा तेव्हा मुलींना घेऊन वॉर्डात होती. तिनं फोन ठेवू दिला नाही. म्हणाली, सर, परत वाचून दाखवते: सलाईनच्या बाटलीत मिसळून, हळूहळू, असंच ना सर? डॉक्टर म्हणाले, हो हो, तेच, तसंच.

"डॉक्टरांनी लगेच हो म्हटलं, हा त्यांचा मोठेपणा," आवडाबाईंनी मलम लावलं. "नाव घेत नाही. त्यांच्या भाचीचं लग्न होतं, वैजापूर रोडला."

ठोंबरे खुर्चीत थोडे खाली सरकले. मागच्या रांगेतली एक मुलगी दुसरीच्या कानाशी लागली, ती तिसरीच्या लागली, आणि त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं की त्या हसू दाबतायत.

आता आवडाबाई घाबरल्या. त्यांना काहीही करून डॉक्टरांचं मन राखायचं होतं, कारण चार्ज डॉक्टरांच्या हातात होता. म्हणून त्यांनी सगळ्यांना एकदमच माफ करून टाकलं. त्या म्हणाल्या, यात डॉक्टरांचा काही दोष नाही. डॉक्टर दमतात. माणूस आहे, चुकणारच. असं आपल्या दवाखान्यात नेहमीच होत असतं, पण सगीरासारख्या नर्सेसमुळं आजवर त्यातलं एकही बाहेर आलं नाही!

माईक चांगला होता. हॉल ओपीडीला लागून होता, आणि समारंभाचा आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून पुंजारामांनी हौसेनं एक कर्णा बाहेरच्या व्हरांड्यात बांधला होता. तिथं पेशंटचे नातेवाईक डबे सोडून बसले होते.

थोड्या वेळानं दार उघडलं. दारात एक माणूस उभा राहिला, डोक्याला टॉवेल, हातात अर्धी भाकर. तो कडूबा, फुलंब्रीकडचा. त्याच्या बापाचं पोट चार रोजामागं औताडेंनीच उघडलं होतं. तो हात जोडून स्टेजकडं बघत म्हणाला,

"डाक्टरसायब, रागावू नका. आमच्या बाच्या पोटातलं मोजलं व्हतं का?"

त्याच्या मागून आणखी एक बाई डोकावली, तिचा नवरा हाडाच्या वॉर्डात होता. हाडात मॉप राहतो का, एवढंच तिला विचारायचं होतं. तिच्यामागं आणखी दोघं. औताडे उठले, बसले, पुन्हा उठले. त्यांनी कडूबाला सांगितलं, की सगळं व्यवस्थित आहे. कडूबा म्हणाला, "तुम्ही म्हणता तर असंल. पर त्या मॅडमबी तुमच्याच हायत ना? त्या तर नेहमी व्हतं म्हणल्या."

तेव्हा दुसऱ्या रांगेतून सगीरा उठली. शांतपणे दारापाशी गेली. कडूबाच्या हातातली भाकर तिनं त्याच्याच डब्यात ठेवायला लावली, आणि त्याला म्हणाली, "चाचा, मोजलंय. तीनदा मोजलंय, दोन बायांनी मोजलंय. चला, ज्या सिस्टरनं मोजलं तिच्याच तोंडून ऐका. आणि बाला आज वारा सरला का ते सांगा मला आधी." कडूबा वारा सरल्याचं सांगत तिच्यामागं चालू लागला. बाकीचेही गेले. त्या बाईला सगीरानं जाता जाता सांगितलं, की हाडाला प्लास्टर घातलंय, आत कुणी हातच घातला नाही. दार बंद झालं. सगळं प्रकरण तिनं माईकशिवाय मिटवलं.

ती परत येऊन बसली तेव्हा आवडाबाईंच्या जिवात जीव आला. त्यांना वाटलं, देवानं लाज राखली. आपल्या शब्दांनी जे बिघडलं ते पोरीनं सगळ्यांदेखत सावरून दाखवलं. आता याहून मोठा पुरावा काय पाहिजे? त्यांनी घाईनं सगळ्यांचे आभार मानले, 'कमीजास्त बोलले असेल तर पदरात घ्या' म्हटलं आणि बसल्या. पुंजारामांबद्दल बोलायचं त्या साफ विसरल्या. पुंजारामांच्या आयुष्यातलं तेवढं एक भाग्य मोठं निघालं.

औताडे बोलायला उभे राहिले. रागाचा लवलेश नव्हता. त्यांनी आवडाबाईंची स्तुती केली. म्हणाले, आज मॅडमनी आमचे डोळे उघडले. सगीरा सिस्टरचं मोल आम्हाला कळलंच नव्हतं. इतकी सावध, इतकी धीट, पेशंटच्या नातेवाइकांना इतकं छान सांभाळणारी व्यक्ती आपण वर्गात खडू धरायला ठेवली होती, ही आपली चूक.

आवडाबाईंनी डोळे मिटले. मनात खडकेश्वराला हात जोडले.

"अशा माणसाची गरज पेशंटला आहे," औताडे म्हणाले. "म्हणून सगीरा सिस्टरना उद्यापासून आपण नाइट सुपरवायझर करतोय. रात्री डॉक्टर कमी असतात, तिथंच असा डोळा पाहिजे. मॅडमच्या शब्दाला मान देऊन. आणि शाळेचा चार्ज आहेर सर बघतील."

जोरात टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या मुलींनी सगळ्यात जास्त वाजवल्या, कारण ऐकायला ती बढतीच वाटत होती. ठोंबरेंनी तर उभं राहून वाजवल्या. रात्रीची कायमची ड्यूटी, ना शाळा, ना मुली, ना शिकवणं. पण ती इतक्या चांगल्या शब्दांत गुंडाळली होती, की नको म्हणणारीच कृतघ्न ठरली असती. सगीरा उठली, तिनं नमस्कार केला आणि बसली. आवडाबाईंनीही टाळ्या वाजवल्या. स्टेजवर बसलेल्या माणसाला दुसरं काय करता येतं?

मग चहा झाला, समोसे झाले. जुन्या मुली पाया पडल्या, फोटो निघाले. आवडाबाई प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवत होत्या आणि कान पलीकडं होता. पलीकडं औताडे पुंजारामांना सांगत होते, की उद्या पुरुषांच्या वॉर्डात दोन जण रजेवर आहेत, जरा मुली बघा.

"हो सर. किती पाठवू?" पुंजाराम म्हणाले.

आवडाबाईंचा हात एका मुलीच्या डोक्यावर तसाच राहिला. तोंड उघडलं, पण तोंडाला आता अधिकार नव्हता. मुलगी बिचारी वाकलेलीच होती, तिला वाटलं आशीर्वाद मोठा आहे.

सगीरा त्यांना हॉलबाहेर नळापाशी सापडली. ती समोशाचं तेल हातावरून धूत होती, नेमानं, बोटांच्या बेचक्यांत, नखांपाशी, मनगटापर्यंत, जसं तिला शिकवलं होतं तसं. आवडाबाई म्हणाल्या, की मी जे बोलले त्यातला एक शब्द खोटा नव्हता.

"हौ मॅडम. सच बोले," सगीरा म्हणाली. आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. "पन आप सच बोलके घर कू जारे. मैं यहींच हूँ."

आवडाबाईंनी तिचा ओला हात धरला. पोरीनं सोडवून घेतला नाही. म्हणाली, "चलते मॅडम. घरी जाऊन जरा झोपायचं. उद्यापासून रात्री जागायचंय."

ती गेटकडं गेली. आतून कुणीतरी आवडाबाईंना हाका मारत होतं. औताडे सरांना मॅडमसोबत एक फोटो काढायचा होता.